असंतुलित ब्रिज, स्टार-डेल्टा आणि मल्टिमीटर: माझ्या हिशेबात नेमकं काय चुकतंय?

रोहिणी_डिप्लोमा

नमस्कार मंडळी. ब्रेडबोर्डवर पाच रोधांचा ब्रिज लावलाय. चार टोकांना अ, ब, क, ड अशी नावं दिली आहेत. सप्लाय अ आणि ब ला येतो (अ ला प्लस), क आणि ड ही मधली टोकं.

```
अ–क : ६ के
क–ब : ३ के
अ–ड : ४ के
ड–ब : ६ के
क–ड : २ के   (मधला)
```

दुकानात ६ के आणि ४ के मिळाले नाहीत, म्हणून ३ के चे दोन सिरीजमध्ये लावून ६ केले आणि २ के चे दोन लावून ४ केले. म्हणजे ३ के चे पाच आणि २ के चे तीन, सगळे पाव वॉटचे.

अ आणि ब मधला एकूण रोध काढायचा आहे. क पाशी मिळणारे तिघे (६, ३, २) हा स्टार धरला आणि त्याचा डेल्टा केला. गुणाकारांची बेरीज ६×३ + ३×२ + २×६ = ३६. मग ३६/६ = ६, ३६/३ = १२, ३६/२ = १८. डेल्टात अब = ६, बड = १२, अड = १८ असे ठेवले. पुढे ४ ला १८ पॅरलल, ६ ला १२ पॅरलल, त्या दोघांची बेरीज ७.२७, आणि त्याला ६ पॅरलल. उत्तर ३.२९ के.

मल्टिमीटर मात्र ४.४८ के दाखवतो. रोध पाच टक्केवाले आहेत, पण एवढा फरक पडेल का? की सूत्रच चुकीचं लावलंय?

---

घाटमाथा

ब्रिजमध्ये मधल्या रोधातून करंट जात नाही, त्यामुळे तो काढून टाकायचा. स्टार-डेल्टा लागतच नाही. डावीकडे ६+३ = ९, उजवीकडे ४+६ = १०, दोन्ही पॅरलल म्हणजे ९०/१९ = ४.७४ के. मल्टिमीटर ४.४८ दाखवतोय म्हणजे साडेपाच टक्के कमी, ते रोधांच्या टॉलरन्समध्ये खपून जाईल.

रीडिंग घेताना बॅटरी काढली होती ना? ओहमवर मीटर असताना सर्किटला सप्लाय राहिला तर आकड्याला काही अर्थ नसतो.

---

रोहिणी_डिप्लोमा

हो, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या होत्या. मधला २ के उपसून बघितला तर मीटर ४.७२ दाखवतो, परत खोचला की ४.४८. म्हणजे त्याचा परिणाम होतोय.

---

ओहमकर

घाटमाथा, मधल्यातून करंट जात नाही हे फक्त ब्रिज संतुलित असेल तेव्हाच. इथे अक/कब = ६/३ = २ आणि अड/डब = ४/६ = ०.६७. ही दोन गुणोत्तरं सारखी असती तर तुमचं उत्तर बरोबर होतं. इथे ती जवळपासही नाहीत. आणि टॉलरन्सचं म्हणाल, तर रोहिणीताईंनी तेच रोध ठेवून फक्त मधला काढला-घातला आणि आकडा हलला, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघतो.

आता रोहिणीताई, तुमच्या हिशेबाकडे. ३६ बरोबर आहे, तिन्ही भागाकार बरोबर आहेत. चूक जागेची आहे. डेल्टातला रोध ज्या दोन टोकांमध्ये बसतो, त्या दोन टोकांकडे न जाणाऱ्या तिसऱ्या भुजेने भागायचं असतं. अ आणि ब मध्ये बसणारा रोध काढताना क पासून अ कडे जाणारा (६) आणि ब कडे जाणारा (३) हे त्याचे शेजारी झाले. उरला ड कडे जाणारा २ के. म्हणून अब = ३६/२ = १८. तुम्ही तिथे ६ ने भागलंत, शेजाऱ्याने.

ही चूक फार होते, कारण ३६ भागिले अमुक या रूपात कुणाला कुठे ठेवायचं हे आकड्यावरून कळत नाही. त्यापेक्षा दुसरं रूप वापरा. दोन टोकांच्या भुजांची बेरीज, अधिक त्यांचा गुणाकार भागिले तिसरी भुजा:

```
अब = ६ + ३ + (६×३)/२ = १८
अड = ६ + २ + (६×२)/३ = १२
बड = ३ + २ + (३×२)/६ = ६
```

गणित तेच, पण यात एक पडताळा फुकट मिळतो. डेल्टातला प्रत्येक रोध त्याच दोन टोकांच्या स्टारमधल्या भुजांच्या बेरजेपेक्षा मोठाच असला पाहिजे, कारण बेरजेत आणखी काहीतरी मिळवलंय. तुमचा अब ६ आला होता आणि ६+३ तर ९ होतात. तिथेच थांबायला हवं होतं.

पुढचं सरळ आहे. क हे टोक आता चित्रातून गेलं. त्याच्याबरोबर ६, ३ आणि २ हे तिघेही पुसायचे. कागदावर ते तसेच ठेवून वर डेल्टा काढला तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. उरलं ते असं: अ–ड मध्ये जुना ४ आणि नवा १२ पॅरलल, म्हणजे ३. ड–ब मध्ये जुना ६ आणि नवा ६ पॅरलल, म्हणजे ३. दोन्ही सिरीज, ६. त्याला अ–ब मधला १८ पॅरलल: ६×१८/२४ = ४.५ के.

तुमचं ४.४८ त्याला धरूनच आहे.

आणखी एक पडताळा, जो मी कुठलाही ब्रिज सोडवण्याआधी करतो. मधला रोध एकदा पूर्ण उघडा समजा आणि एकदा शॉर्ट समजा. उघडा असताना ४.७४ हे घाटमाथांनी काढलंच आहे. शॉर्ट असताना क आणि ड एकच होतात, वर ६ ला ४ पॅरलल = २.४, खाली ३ ला ६ पॅरलल = २, एकूण ४.४. मधला रोध कितीही असो, खरं उत्तर ४.४ आणि ४.७४ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. ३.२९ आलं की सूत्र न तपासताही कळतं, हिशेब चुकलाय.

---

मंजिरी_व

ओहमकर, त्या पट्ट्याच्या पडताळ्यात एक पाऊल जास्त घालते, कारण परीक्षेत मुलं तिथे घसरतात. पट्टा अरुंद असतो. इथे ४.४ ते ४.७४. त्यामुळे उत्तर पट्ट्यात बसलं म्हणजे बरोबरच असं नाही, फक्त बाहेर गेलं तर नक्की चूक.

आणि मुळात सिरीज-पॅरलल का चालत नाही हे रोहिणीला स्पष्ट असू दे. दोन रोध सिरीजमध्ये तेव्हाच, जेव्हा त्यांच्या सांध्याला तिसरं काहीच जोडलेलं नसतं. तुमचे ३ के चे दोन जोडून केलेले ६ के हे खरं सिरीज आहे, मधल्या सांध्याला दुसरी वायर नाही. पण क ला तीन वायरी येतात, ड ला पण तीन. पॅरलल तेव्हाच, जेव्हा दोघांची दोन्ही टोकं एकच असतात. पाचही रोधांच्या जोड्या तपासा, अशी एकही जोडी नाही. म्हणून सुरुवात करायलाच जागा मिळत नाही. स्टारचा डेल्टा केल्यावर तीन-वायरींचा एक सांधा नाहीसा होतो आणि पॅरलल जोड्या तयार होतात, एवढंच काम तो करतो.

---

शिवारातला

आमच्या बोअरच्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर बसवायचा विचार चाललाय, सध्या डायरेक्ट स्टार्टर आहे. साडेसात एचपी. वरती जे सूत्र दिलंय त्यावरून स्टारमध्ये करंट किती कमी होईल ते काढता येतं का? मोटरमध्ये वाइंडिंग तीन ओहमचं आहे असं रिवाइंडिंगवाल्याने सांगितलं होतं.

---

ओहमकर

दादा, नाव एक असलं तरी ही गोष्ट वेगळी आहे. वरच्या सूत्रात स्टार काढून त्याच्या जागी दुसऱ्या किमतीचे रोध डेल्टात बसवतो, अशा किमतीचे की बाहेरच्याला फरकच कळू नये. तिन्ही भुजा सारख्या असतील तर डेल्टातला रोध स्टारच्या तिप्पट लागतो. म्हणजे ३ ओहमच्या स्टारसारखाच वागणारा डेल्टा ९ ओहमचा.

स्टार्टर तसं करत नाही. तो तीच तीन वाइंडिंग आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टात जोडतो. डेल्टात ९ पाहिजे होते तिथे ३ च राहतात, म्हणून लाइनचा करंट तिप्पट होतो. उलट बघितलं तर सुरुवातीला स्टारमध्ये लाइन करंट एक तृतीयांश, आणि त्याबरोबर सुरुवातीचा जोरही एक तृतीयांश. ३ ओहमवरून सुरुवातीचे अँपिअर मात्र काढू नका. तो डीसी रोध आहे, सुरू होताना मोटरचा करंट बराचसा रिअॅक्टन्स ठरवतो.

आधी एक बघा. स्टार-डेल्टा स्टार्टरला मोटरमधून सहा वायरी वर यायला लागतात. बोअरमधून तीनच येत असतील तर हा स्टार्टर लागणारच नाही.

---

शिवारातला

तीनच वायरी आहेत. बरं झालं विचारलं. मग तो विषय बंद. पण मोटरचं दुसरं एक दुखणं आहे, ते मीटरने मोजून नंतर टाकतो.

---

रोहिणी_डिप्लोमा

४.५ आलं, धन्यवाद! आता दुसरा भाग. अ–ब ला ९ व्होल्ट दिले तर मधल्या २ के मधून किती करंट जातो, ते काढायचंय. एकूण करंट ९/४.५ = २ मिलीअँपिअर. पण डेल्टा केल्यावर क हे टोकच राहिलं नाही, २ के पण राहिला नाही. मग त्याचा करंट कुठून काढू?

---

घाटमाथा

सोपं आहे. ड चं व्होल्टेज ४.५ येतं, कारण वर ३ आणि खाली ३. अ–ड मधल्या नव्या १२ के मधून ४.५/१२ = ०.३७५ मिलीअँपिअर जातो. हा १२ के त्या स्टारमधूनच आलाय आणि ड ला जोडलाय, म्हणजे हाच मधल्या रोधाचा करंट. ०.३७५. सिम्युलेटरवर टाकून बघितलं, तिथेही ०.३७५ च येतंय.

---

ओहमकर

आकडा बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण सिम्युलेटरशी आकडा जुळला की अशी समजूत पक्की बसते आणि पुढच्या गणितात गळ्यात येते.

डेल्टातले १८, १२ आणि ६ हे तीन रोध ब्रेडबोर्डवर कुठेही नाहीत. त्यांच्यातला करंट खऱ्या कुठल्याच वायरमधून वाहत नाही. स्टार आणि डेल्टा यांच्यात समान काय असतं, तर अ, ब आणि ड या तीन टोकांची व्होल्टेजेस आणि त्या टोकांतून आत जाणारे करंट. आत काय चाललंय ते समान नसतं.

म्हणून मार्ग असा. ड ची किंमत खरी आहे, ४.५ व्होल्ट. ड ला लागलेले ४ के आणि ६ के हे मूळचेच रोध आहेत, त्यांना हात लावलेला नाही, त्यामुळे त्यांचे करंट खरे:

```
अ–ड, ४ के : (९ − ४.५)/४ = १.१२५ mA   (ड कडे येतो)
ड–ब, ६ के : ४.५/६       = ०.७५ mA    (ड कडून जातो)
फरक      : ०.३७५ mA     (ड कडून क कडे)
```

ड पाशी आलेल्यातला जो उरतो तो जाणार कुठे? क कडेच. आता २ के वर ०.३७५×२ = ०.७५ व्होल्ट पडतात, म्हणून क = ४.५ − ०.७५ = ३.७५ व्होल्ट. क चा हिशेब जुळतो का बघा: अ कडून (९ − ३.७५)/६ = ०.८७५ येतो, ड कडून ०.३७५ येतो, बेरीज १.२५. ब कडे ३.७५/३ = १.२५ जातो. जुळला. एकूण सप्लायचा करंट ०.८७५ + १.१२५ = २. तोही जुळला.

मग १२ के मध्येही ०.३७५ का आला? या ठरावीक किमतींमुळे. डेल्टाच्या बाजूने बघितलं तर ड मधून स्टारमध्ये शिरणारा निव्वळ करंट म्हणजे ६ के मधून बाहेर पडणारा ४.५/६ = ०.७५, वजा १२ के मधून आत येणारा ०.३७५. इथे एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणून वजाबाकी तेवढीच उरली. खालचा ड–ब रोध ६ के ऐवजी १२ के करून बघा. मग ड = ९×४/७ = ५.१४ व्होल्ट. नव्या १२ के मधला करंट ३.८६/१२ = ०.३२ येतो, आणि मधल्या २ के मधला खरा करंट ०.५४. घाटमाथा, सिम्युलेटरवर हेही टाका.

---

घाटमाथा

टाकलं. ०.५३६ येतंय. १२ के चा आकडा खरंच जुळत नाही. पहिल्या वेळी जुळला म्हणून पुढे तपासलंच नसतं. मान्य.

पण मग दोन्हीकडे पॉवर तरी सारखी असते का? की तेही नाही?

---

ओहमकर

एकूण सारखी, वाटणी वेगळी. मूळ आकड्यांवर बघा: स्टारमधले तिघे ४.५९ + ४.६९ + ०.२८ = ९.५६ मिलीवॉट. डेल्टातले तिघे ४.५ + १.६९ + ३.३७५, तेही ९.५६. टोकांची व्होल्टेजेस आणि करंट तेच असल्यावर आत शिरणारी एकूण पॉवर तीच राहणार. पण कुठला रोध किती तापेल हे डेल्टावरून ठरवू नका. रोहिणीताईंच्या सर्किटात एकूणच १८ मिलीवॉट आहेत, पाव वॉटचे रोध आरामात चालतील.

---

मंजिरी_व

मला इथे ओहमकरांशी थोडं भांडायचंय. 🙂 मधला करंट हवा असेल तर क चा स्टार मोडणं हाच मुळात वाकडा रस्ता आहे. ज्याचं व्होल्टेज पाहिजे तेच टोक आपण पुसतो आणि मग मागून परत शोधतो. त्यापेक्षा वरचा त्रिकोण अ-क-ड घ्या (६, ४, २) आणि त्याचा स्टार करा. त्यात एकही टोक जात नाही, उलट एक नवं मधलं टोक येतं.

तिघांची बेरीज १२. अ कडची भुजा ६×४/१२ = २, क कडची ६×२/१२ = १, ड कडची ४×२/१२ = ०.६७. क चा रस्ता १+३ = ४, ड चा रस्ता ०.६७+६ = ६.६७, पॅरलल २.५, अधिक २ = ४.५. तेच उत्तर. आणि २ मिलीअँपिअर वाटून क च्या रस्त्याला १.२५, ड च्या रस्त्याला ०.७५. खालचे ३ के आणि ६ के मूळचेच आहेत, म्हणून क = १.२५×३ = ३.७५ आणि ड = ०.७५×६ = ४.५ थेट मिळाले. फरक ०.७५ व्होल्ट, भागिले २ के, ०.३७५. संपलं.

खालचा त्रिकोण मात्र घेऊ नका. ३, ६, २ ची बेरीज ११ येते आणि सगळे अपूर्णांक होतात. उत्तर तेच, पण वेळ जातो.

---

ओहमकर

फक्त मधला करंट हवा असेल तर मी यातलं काहीच करणार नाही. क–ड मधला २ के उपसायचा. क = ९×३/९ = ३ व्होल्ट, ड = ९×६/१० = ५.४ व्होल्ट, उघडं व्होल्टेज २.४. सप्लाय शॉर्ट धरून क–ड मधून दिसणारा रोध (६ ला ३) + (४ ला ६) = २ + २.४ = ४.४ के. करंट = २.४/(४.४+२) = ०.३७५. थेव्हेनिन, दोन ओळी. आणि मधला रोध बदलला तरी शेवटचा भागाकारच फक्त बदलतो.

मधल्या भुजेत रोधाऐवजी एलईडी असेल तर याच रस्त्याने जावं लागतं. एलईडी हा ठरावीक ओहमचा रोध नाही, तो स्टारमध्ये धरून डेल्टा काढता येत नाही. लाल एलईडीवर साधारण १.८ व्होल्ट पडतात धरले तर (२.४ − १.८)/४.४ = ०.१४ मिलीअँपिअर, अॅनोड ड कडे. उलटा लावला तर पेटणार नाही.

स्टार-डेल्टा मी एकूण रोधासाठी ठेवतो.

---

मंजिरी_व

एकूण रोध आणि सगळ्या भुजांचे करंट दोन्ही विचारले असतील तर डेल्टाचा स्टार एका दमात देतो, थेव्हेनिन नाही. यावर आपलं जमणार नाही, रोहिणीने दोन्ही करून बघावं.

जाता जाता: हे रूपांतर १८९९ साली प्रसिद्ध करणारे आर्थर केनेली १८६१ मध्ये मुंबईत, कुलाब्याला जन्मले होते. वर्गात सांगितलं की मुलं मान वर करून ऐकतात.

---

रोहिणी_डिप्लोमा

मंजिरीताईंच्या पद्धतीने केलं, ०.३७५ आलं. बोर्डवर क–ड मध्ये ०.७५ व्होल्ट यायला हवे होते, ०.७८ येतायत. आणि बॅटरी काढून अ–ड मधला ४ के जागेवरच मोजला तर २.६ के दाखवतो. तो खराब झालाय का?

---

ओहमकर

दोन्ही ठीक आहेत. नवी ९ व्होल्टची बॅटरी ९ पेक्षा जास्त देते. आधी अ–ब चं व्होल्टेज मोजा आणि गुणोत्तर बघा. क–ड हे अ–ब च्या बाराव्या भागाएवढं हवं. बॅटरी ९.३ असेल तर ०.७७५ येणारच.

दुसरं, रोध सर्किटमध्ये असताना मीटरला तो एकटा दिसत नाही. इथे तुमचा डेल्टाच कामाला येतो: अ–ड मध्ये ४ ला १२ पॅरलल म्हणजे ३, आणि त्याला वळसा घालून जाणारा रस्ता १८ + ३ = २१. ३ ला २१ पॅरलल = २.६२५ के. तुमचा २.६ तोच. एकटा ४ के मोजायचा तर त्याचा एक पाय बोर्डातून वर काढा.

---

शिवारातला

मोटरचं मोजून आलो. मेन बंद करून स्टार्टरमधून तिन्ही वायरी सोडवल्या आणि दोन-दोन मध्ये मोजलं. लाल-पिवळा ३.६, पिवळा-निळा ३.६, लाल-निळा ६.६ ओहम. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना लावून आलेला आकडा आधीच वजा केलाय. केबल चार चौरस मिमी तांब्याची, पासष्ट मीटर. मोटर गुरगुरते आणि ओव्हरलोड पडतो. वाइंडिंग गेलंय का, आणि कुठलं?

---

ओहमकर

दादा, आता मात्र याच धाग्यातलं सूत्र लागतं. तुमच्याकडे तीन टोकं आहेत आणि आतलं दिसत नाही. आधी तिन्ही मापांतून स्टार काढू. पिवळ्याची भुजा = (३.६ + ३.६ − ६.६)/२ = ०.३. लाल आणि निळ्याची प्रत्येकी ३.६ − ०.३ = ३.३.

इथे घाईने डेल्टा काढला तर फसाल. गुणाकारांची बेरीज ३.३×०.३ दोनदा, अधिक ३.३×३.३ = १२.८७. त्यावरून लाल-पिवळा ३.९, पिवळा-निळा ३.९, आणि लाल-निळा १२.८७/०.३ = ४३ ओहम. ४३ ओहमचं वाइंडिंग बघून कुणीही चक्रावेल. चूक अशी की केबल मोटरच्या बाहेर, प्रत्येक टोकाला सिरीजमध्ये आहे. ती आधी वजा करायला हवी. चार चौरस मिमी तांब्याला किलोमीटरला साधारण ४.६ ओहम, पासष्ट मीटरला ०.३.

ती काढली की भुजा उरतात ३, ० आणि ३. लाल-पिवळा डेल्टात ३, पिवळा-निळा ३, आणि लाल-निळा काढताना शून्याने भागावं लागतं, म्हणजे तिथे रस्ताच नाही. डेल्टा मोटर असेल तर लाल-निळ्यामधलं वाइंडिंग तुटलंय. रिवाइंडिंगवाल्याचे तीन ओहमही जुळले. तिन्ही चांगली असती तर प्रत्येक माप ३ च्या दोन तृतीयांश म्हणजे २, अधिक दोन तारांचे ०.६, असं २.६ आलं असतं.

---

मंजिरी_व

ओहमकर, डेल्टा मोटर असेल तर यावरच सगळं उभं आहे. आत स्टार असेल तर ३, ०, ३ चा अर्थ पिवळ्याचं वाइंडिंग पूर्ण शॉर्ट. बाहेरून तीन टोकांवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, रूपांतराचा अर्थच तो आहे. मीटरने यातला फरक कधीच कळणार नाही.

शिवाय ०.३ ची केबल आणि दशांशापर्यंतच मोजणारा मीटर. पिवळ्याची भुजा ० नसून ०.०५ असेल तर लाल-निळा डेल्टात १८६ च्या आसपास येतो. आकड्यावरून पूर्ण तुटलं असं म्हणता येत नाही, फक्त फार मोठा रोध आहे एवढंच.

---

ओहमकर

मान्य. एखादं वाइंडिंग अख्खंच्या अख्खं शॉर्ट होणं मला कमी शक्यतेचं वाटतं, तार किंवा आतला सांधा तुटणं जास्त. पण ते अनुभवाने म्हणतोय, मापांवरून नाही.

दादा, मोटरच्या पाटीवर किंवा खरेदीच्या कागदावर जोडणी स्टार लिहिली आहे की डेल्टा, ते बघा. आणि मोटर वर काढलीत तर केबलचा जॉइंट सोडवून थेट मोटरच्या वायरींवर परत तिन्ही मापं घ्या, म्हणजे केबलचा ०.३ मध्ये येणार नाही. इन्सुलेशन टेस्टरने बॉडीला लीकेज आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या. तोवर परत चालू करून बघू नका.

---

शिवारातला

पाटी मोटरबरोबर खालीच आहे. कागद घरी शोधतो. रिवाइंडिंगवाल्याला आठवतंय का तेही विचारतो, तो म्हणत होता डेल्टाच आहे पण खात्रीने नाही. सोमवारी चेनपुली मिळाली की मोटर वर घेणार, तेव्हा मापं टाकतो.